कपाटाच्या छायाचित्रावरून केलेली सूची

सप्रेम नमस्कार.

काल सायंकाळी आपण पाठवलेले पुस्तकांच्या कपाटाचे छायाचित्र मिळाले. सोबत “यांची सूची करा” एवढेच लिहिलेले असल्याने, छायाचित्रात जे कणे वाचता येतात त्यांची ग्रंथनामे आणि ग्रंथकारांची नावे, कपाटातल्याच क्रमाने, वरच्या खणापासून खाली व डावीकडून उजवीकडे अशी नोंदवली आहेत. वर्णानुक्रम मुद्दामच लावलेला नाही, कारण कपाटासमोर उभे राहून ही यादी ताडून पाहणे आपल्याला खणांच्या क्रमाने सोपे जाईल, आणि एकदा ती ताडून झाली की वर्णानुक्रम लावणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पुस्तकांची किंमत, दुर्मीळता किंवा त्यांचे पुढे काय करावे याविषयी काहीही लिहिलेले नाही. ते आपण विचारलेले नाही आणि छायाचित्रावरून ते सांगताही येणार नाही.

जी अक्षरे कण्यावर प्रत्यक्ष दिसत नाहीत, पण ग्रंथ ओळखीचा असल्याने मी भरली आहेत, ती ग्रंथालयांतील रीतीप्रमाणे चौकोनी कंसात दिली आहेत. जिथे कंसात प्रश्नचिन्ह आहे, तिथे निर्णय आपल्या हातातल्या पुस्तकावरच होईल.

वरचा खण

१. ययाति. वि. स. खांडेकर.
२. मृत्युंजय. शिवाजी सावंत.
३. स्वामी [?].
४. श्यामची आई. साने गुरुजी.
५. बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर.
६. कोसला. भालचंद्र नेमाडे.
७. बलुतं. दया पवार.
८. युगान्त [?].
९. आहे मनोहर तरी. सुनीता देशपांडे.

तिसऱ्या नोंदीसमोर पितळी समई ठेवलेली आहे. कण्यावर “स्वामी” हा शब्द स्पष्ट आहे, पण त्याखालचा सगळा भाग समईआड गेला आहे. हे पाहताच रणजित देसाई यांची कादंबरी आठवते, आणि कादंबऱ्यांच्या या रांगेत ती असणे अगदी स्वाभाविकही आहे; तरीही तो शब्द विवेकानंदांवरच्या एखाद्या पुस्तकाच्या नावाची केवळ सुरुवातही असू शकतो, म्हणून ग्रंथकाराची जागा मी भरलेली नाही.

आठव्या नोंदीची अडचण निराळी आहे, कारण तिथे नाव पूर्ण दिसते. “युगान्त” या नावाचे इरावती कर्वे यांचे महाभारतातील व्यक्तिरेखांवरचे पुस्तक आहे, आणि महेश एलकुंचवार यांच्या नाट्यत्रयीतील “वाडा चिरेबंदी” व “मग्न तळ्याकाठी” यांच्यानंतरच्या नाटकाचे नावही तेच आहे. कण्याच्या तळाचे बारीक अक्षर इतके पुसट आहे की छायाचित्र कितीही मोठे करून पाहिले तरी आडनाव उमटत नाही. एकाच्या खात्यावर दुसऱ्याचे पुस्तक चढले, तर ती चूक सूचीत वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून येथे अंदाज करणे मला योग्य वाटले नाही.

नवव्या नोंदीच्या उजवीकडे प्लॅस्टिकचे वेष्टन घातलेली दोन पुस्तके आहेत. त्यांच्यावर फ्लॅशची चमक पडल्यामुळे काहीच वाचता आले नाही.

मधला खण

१०. भारतीय संस्कृतिकोश. संपादक : महादेवशास्त्री जोशी. खंड १, २, ३, ५, ६, ७.
११. अ डिक्शनरी, मराठी अँड इंग्लिश. मोल्सवर्थ.
१२. विशाखा. कुसुमाग्रज.
१३. नटसम्राट. वि. वा. शिरवाडकर.
१४. [स्मृति]चित्रे. लक्ष्मीबाई टिळक.
१५. रुचिरा. कमलाबाई ओगले.

संस्कृतिकोशाचे एकूण दहा खंड आहेत आणि त्यांपैकी सहा येथे दिसतात. तिसऱ्या आणि पाचव्या खंडामध्ये मोकळी जागा आहे, त्यामुळे चौथा खंड कोणी वाचायला काढून घेतला असावा. आठव्यापासून पुढचे खंड मात्र चौकटीत कुठेच नाहीत. सहा खंडांना मिळून एकच नोंद दिली आहे, कारण कोश हा एकच ग्रंथ आहे. दाखल नोंदवहीत चढवताना प्रत्येक खंडाला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागेल.

मोल्सवर्थ यांच्या कोशाचे कण्यावरचे रोमन अक्षर येथे देवनागरीत उतरवले आहे. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची आहे, परंतु आपल्याकडच्या प्रतीचे कोरे, चकचकीत वेष्टन पाहता ते अलीकडचे पुनर्मुद्रण असावे. कण्यावर साल नाही, त्यामुळे सूचीतही साल नाही. हाच नियम इतर सर्व पुस्तकांना लावला आहे : एखादा ग्रंथ प्रथम केव्हा प्रसिद्ध झाला हे मला ठाऊक असले, तरी आपल्या कपाटातली प्रत त्या वर्षीची आहे असे त्यावरून ठरत नाही.

बाराव्या आणि तेराव्या नोंदींचे ग्रंथकार एकच आहेत. कवितेसाठी त्यांनी कुसुमाग्रज हे नाव घेतले आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने लिहिली. सूचीत मी कण्यावरचेच नाव ठेवले आहे. पुढे वर्णानुक्रम लावताना दोन्ही नावांखाली “हेही पाहा” अशी नोंद करावी, म्हणजे एका नावाने शोधणाऱ्या वाचकाला दुसरे पुस्तकही सापडेल.

चौदाव्या पुस्तकाचा वरचा भाग तसबिरीने झाकला आहे, पण लेखिकेचे नाव पूर्ण दिसत असल्याने शंका उरत नाही. “रुचिरा”चा भाग कोणता, हे कण्यावरून कळले नाही.

खालचा खण

१६. सार्थ ज्ञानेश्वरी [?].
१७. दासबोध. [समर्थ रामदास].
१८. फकिरा. अण्णा भाऊ साठे.
१९. व्यक्ति आणि वल्ली. पु. ल. देशपांडे.

पहिले दोन ग्रंथ आडवे रचलेले आहेत. सार्थ ज्ञानेश्वरी एकाहून अधिक अभ्यासकांनी सिद्ध केलेली आहे आणि येथे कण्यावर फक्त ग्रंथनाम आहे, म्हणून कोणाचा अर्थ दिलेली ही प्रत आहे ते मुखपृष्ठावरून पाहावे लागेल. त्यांच्या शेजारी तपकिरी कागदाची कव्हरे घातलेली तीन पुस्तके आहेत, ज्यांवर काहीही लिहिलेले नाही.

याच खणात उजवीकडे दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे. मी अकरा अंक मोजले. त्यांपैकी सर्वांत वरचा “मौज”चा आहे, बाकीच्यांच्या केवळ कडा दिसतात. नियतकालिकांची नोंद पुस्तकांपासून वेगळी ठेवतात, म्हणून त्यांना वर क्रमांक दिलेला नाही. गठ्ठ्याच्या मागे हस्ताक्षरातल्या पट्ट्या लावलेल्या तीन वह्या आहेत. त्या घरच्या खासगी असू शकतील, या विचाराने त्यांवरचा मजकूर वाचण्याचा प्रयत्न केलेला नाही.

याप्रमाणे १९ ग्रंथांच्या २४ प्रती नोंदल्या गेल्या असून, आणखी पाच पुस्तके दिसतात पण वाचता येत नाहीत. वरच्या खणात पुस्तकांच्या मागे दुसरी रांग असल्यासारखी सावली दिसते. ती रांग खरोखर असल्यास या सूचीत तिचा समावेश नाही.

समई आणि तसबीर क्षणभर बाजूला ठेवून, फ्लॅश बंद करून, दिवसाच्या उजेडात प्रत्येक खणाचे वेगळे छायाचित्र घेतल्यास बहुतेक अडचणी दूर होतील. नोंद ३, ८ आणि १६ यांच्या, तसेच कव्हर घातलेल्या तीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रेही पाठवावीत. ती मिळाली की उरलेल्या जागा भरून सुधारित सूची पाठवते.

आपली,
ग्रंथपाल