आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यालाच आईचा आवाज कापरा झाला असता, म्हणून लिहितोय. मला बीपी निघालंय. बाकी ठीक आहे. ऑफिस चालू आहे, आत्ताच दुधीची भाजी-पोळी खाऊन बसलोय.

गेल्या महिन्यात पाठ दुखते म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सहज बीपी घेतलं, तर १५८/९८! जिना चढून आल्यामुळे असेल, असं मला वाटलं. मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजलं. सरासरी १४८/९४. घरी मोजलेलं १३५/८५ च्या आत हवं. शेवटी चोवीस तासांचं मशीन दंडाला बांधलं. दिवसा दर वीस मिनिटांनी पट्टा घर्रर्र करून फुगायचा, हात स्थिर ठेवायचा आणि बोलायचं नाही. मीटिंगमध्ये मी अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचो, सगळ्यांना वाटायचं नेट गेलं. त्यातही जास्तच आलं.

एकोणतिसाव्या वर्षी का, म्हणून मूत्रपिंडांची सोनोग्राफी, ईसीजी, रक्त-लघवी सगळं झालं. नॉर्मल आहे. म्हणजे थोडं घराण्यातून आलेलं, थोडं खुर्चीला चिकटून बसण्याचं. बाबा, ‘वडिलांना कितव्या वर्षी सुरू झालं?’ असं बाईंनी विचारलं आणि मला सांगताच येईना. आजोबांचंही नाही. तेवढं लिहून पाठवा.

रामिप्रिल सुरू केलंय, रोज सकाळी एक. कोरडा खोकला आला तर गोळी बदलतील. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायचं. पाठीसाठी आयबुप्रोफेन घेत होतो ते बंद, त्यानेही बीपी चढतं म्हणे. वजन ८४ आहे, दिवाळीपर्यंत ७८ करायचं. ऑफिसातून येताना दोन स्टेशनं आधी उतरून इझारच्या काठाने चालत येतो.

आई, आता तुझ्या खात्यातलं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात इथला पाव, चीज, सगळं आलं. पुढच्या पार्सलमध्ये लोणचं-पापड नको. सैंधवही पाठवू नकोस, तेही शेवटी मीठच. मेतकूट चालेल, पण मीठ न घालता कर. आणि स्थळवाल्यांपासून हे लपवायचं नाही.

बाबा, बरं वाटतंय म्हणून तुम्ही मधेच गोळी सोडता. मलाही काहीच होत नव्हतं, ना डोकेदुखी ना चक्कर. १५८ असताना मी टेबल टेनिस खेळत होतो.

रविवारी तुमच्या सकाळी अकराला व्हिडिओ कॉल करतो. मशीन घेऊन बसा, त्याआधी अर्धा तास चहा नको. एकदम मोजू. आई, मोजून होईपर्यंत काही विचारू नकोस.

– रोहन