विषय: 18 नोव्हेंबरच्या मुलाखतीचे पत्र आपल्याच विभागाने पाठवले आहे का? (पत्रावरील संदर्भ क्रमांक DT/CHK/1147)

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
चाकण प्रकल्प

आदरणीय सर / मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी भाग्यश्री पाटील. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. 2024 साली मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला आणि सध्या जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे क्वालिटी तपासणीचे काम करते. 8 ऑक्टोबरला मी आपल्या संकेतस्थळावरच्या करिअर पानावरून डिप्लोमा ट्रेनी या पदासाठी अर्ज भरला होता. त्याची पोचपावती त्याच दिवशी आपल्या कंपनीच्या ईमेलवरून आली. ती सोबत जोडली आहे.

सोमवारी, 10 नोव्हेंबरला रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी मला आपल्या कंपनीच्या नावाने मुलाखतीचे पत्र आले. मंगळवार, 18 नोव्हेंबरला सकाळी साडेदहाला चाकणच्या प्रकल्पात हजर राहावे, असे त्यात लिहिले आहे. पत्र उघडले तेव्हा आई भाकरी टाकत होती. तिला वाचून दाखवले आणि घरात सगळ्यांनाच फार आनंद झाला. पण दुसऱ्या पानावर आले तेव्हा मनात शंका आली. ती आपल्याशिवाय कोणी दूर करू शकणार नाही, म्हणून लिहीत आहे.

दुसऱ्या पानावर लिहिले आहे की गेटपास, वैद्यकीय तपासणी आणि गणवेशासाठी 1,850 रुपये आधी भरावेत, ही रक्कम मुलाखतीनंतर परत मिळेल. मुदत उद्या, 13 तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. न भरल्यास मुलाखतीची वेळ दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल. सोबत एक क्यूआर कोड आहे. मी पैसे न भरता तो नुसता स्कॅन करून पाहिला, तर समोर कंपनीचे नाव न येता कोणा एका व्यक्तीचे नाव आले. आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक यांचे फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले आहेत. मी पैसे भरलेले नाहीत आणि कागदपत्रेही पाठवलेली नाहीत.

मग पत्र नीट वाचले. लोगो बरोबर आहे, चाकणचा पत्ताही आपल्या संकेतस्थळावर आहे तसाच आहे, म्हणून ते सरळ खोटे म्हणायला मन धजत नाही. पण पाठवणाऱ्याच्या नावात कंपनीचे नाव असले तरी प्रत्यक्ष पत्ता @gmail.com ने संपतो, आणि उत्तर देऊ पाहिले तर ते आणखी तिसऱ्याच पत्त्यावर जाते. पत्राच्या तळाशी दिलेला कंपनीचा सीआयएन नंबर मी मोजला, तो 20 अक्षरांचा भरतो. सीआयएन 21 अक्षरांचा असतो. शिवाय आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, अशा कंपनीचा नंबर L ने सुरू होतो, पत्रातला मात्र U ने सुरू होतो. पोचपावतीत माझ्या अर्जाला जो क्रमांक मिळाला होता, त्याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. पत्राखाली एका अधिकाऱ्यांचे नाव आहे. ते खरोखर आपल्याकडे असतील आणि त्यांच्या नावाचा कोणी गैरवापर करत असेल, तर ते मी इथे उगाच लिहू नये असे वाटते. जोडलेल्या पत्रात आपण पाहालच.

माझा बायोडाटा मी एका नोकरीच्या अ‍ॅपवरही टाकलेला आहे. माझे नाव, नंबर आणि शिक्षण तिथून कोणाच्या हाती लागले असेल, तर असे पत्र तयार करणे अवघड नाही. पण दुसरीही शक्यता आहे. मुलाखत खरी असेल, आणि मधल्या एखाद्या भरती एजन्सीने पैशांचे कलम आपल्या परस्पर घुसवले असेल. तसे असेल तर भीतीपोटी मी खरी संधी गमावून बसेन. म्हणून पत्र फाडून न टाकता आपल्याला विचारत आहे.

एवढी चौकशी का, तेही सांगते. आमच्या शेजारच्या घरातल्या एका मुलाला गेल्या वर्षी असेच पत्र आले होते. त्याने तीन हप्त्यांत 14,500 रुपये भरले. त्यातले बरेचसे कापूस विकून आलेले होते. दिलेल्या दिवशी तो वडिलांना घेऊन कारखान्याच्या गेटवर पोहोचला, तेव्हा वॉचमनने रजिस्टर उघडून दाखवले, त्यात त्याचे नाव नव्हते. तो पोरगा नंतर कितीतरी दिवस कोणाशी बोलला नाही, आणि आजही कुठे अर्ज करायचे म्हटले की गप्प बसतो. माझे वडील पत्र ऐकून एवढेच म्हणाले, "काम करं ते पैसा भेटस, मंग काम भेटाले पैसा कसाले?" मला त्यांचे म्हणणे पटते.

आपल्या संकेतस्थळाचा पत्ता मी स्वतः टाइप करून उघडला आणि हा ईमेल तिथे दिलेल्या पत्त्यावर पाठवत आहे. पत्रातली लिंक किंवा फोन नंबर वापरलेला नाही. काल कंपनीच्या मुख्य नंबरवर दोनदा फोन केला. ऑपरेटर ताईंनी आपल्या विभागाला जोडून दिला, पण बेल वाजून बंद झाली.

माझी विनंती एवढीच, की 18 नोव्हेंबरच्या मुलाखतीच्या यादीत माझे नाव आहे का आणि हे पत्र आपण पाठवले आहे का, एवढे कंपनीच्या ईमेलवरून कळवावे. एका ओळीचे उत्तरही पुरेल. मुलाखत खरी असेल तर आपली कंपनी उमेदवाराकडून काही रक्कम घेते का, तेही सांगावे. मूळ कागदपत्रे मी प्रत्यक्ष आपल्यासमोर दाखवायला तयार आहे.

शुक्रवारी, 14 तारखेला संध्याकाळपर्यंत उत्तर मिळाले तर फार उपकार होतील. मला सोमवारी दुपारी घरातून निघून धुळे गाठावे लागेल, तिथून रात्रीच्या गाडीने पुणे आणि सकाळी चाकण. सोबत वडील येणार, आणि सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाहीत. माझेही दोन दिवसांचे काम बुडेल, ठेकेदार त्या दिवसांचा पगार देत नाही. मुलाखत खरी असेल तर यातल्या कशाचीच तक्रार नाही, मी दहालाच गेटवर उभी असेन.

पत्र खोटे निघाले तर आपल्या करिअर पानावर तशी सूचना लावावी, ही कळकळीची विनंती. हेच पत्र आणखी किती मुलामुलींना गेले असेल, आणि उद्या सहाची मुदत त्यांनाही असेल. आपले उत्तर येताच मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवीन. आपल्यालाही तपासायला उपयोग व्हावा म्हणून मूळ ईमेल जसाच्या तसा जोडला आहे, नुसता फोटो नाही.

माझा मोबाईल नंबर अर्जात दिलेलाच आहे. कामाच्या वेळेत फोन जवळ ठेवू देत नाहीत. दुपारी एक ते दीड आणि संध्याकाळी सहानंतर मी उचलू शकते.

आपली विश्वासू,
भाग्यश्री पाटील
ता. अमळनेर, जि. जळगाव
12 नोव्हेंबर 2025

सोबत: मुलाखतीचे पत्र (Interview_Call_Letter.pdf), मूळ ईमेल, क्यूआर कोड स्कॅन केल्यावरचा स्क्रीनशॉट, 8 ऑक्टोबरची पोचपावती