वर्षअखेरीची सुट्टी: ऑर्डरची शेवटची तारीख १२ डिसेंबर

नमस्कार,

२५ डिसेंबर ते १ जानेवारी आमचं काम पूर्ण बंद राहील. २ जानेवारीला सकाळी १० वाजता पुन्हा सुरू.

नाव छापलेल्या डायऱ्या आणि वह्या सुट्टीआधी हातात हव्या असतील, तर ऑर्डर १२ डिसेंबरला संध्याकाळी ६ पर्यंत नक्की करा. तारीख इतकी अलीकडे का? बांधणी झाल्यावर प्रत्येक वही रात्रभर प्रेसखाली ठेवावी लागते. डिंक ओला असताना घाई केली की पुठ्ठा वाकतो, आणि तशी वही आम्ही पाठवत नाही. नाव त्यानंतर, एकेका वहीवर हातानेच उठवतो.

एक महत्त्वाचं: ऑर्डर पक्की धरली जाते ती तुम्ही नमुना तपासून होकार दिल्यावर आणि पैसे जमा झाल्यावर. नावाचं स्पेलिंग घरातल्या कुणाकडून तरी एकदा तपासून घ्याच. ५० पेक्षा जास्त नग हवे असतील तर ५ डिसेंबरपर्यंत कळवा.

नाव नको असेल तर तयार वह्या १८ डिसेंबरपर्यंत मागवता येतील. या दिवसांत कुरियरवाल्यांकडे गर्दी असते, त्यामुळे लांबच्या पत्त्यांसाठी दोन-तीन दिवस हातचे राखा. शेवटचं पार्सल २४ तारखेला दुपारी निघेल.

सुट्टीतही वेबसाइटवर ऑर्डर देता येईल, पण काम २ जानेवारीपासून आलेल्या क्रमानेच होईल. त्या काळात फोन बंद असतील. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप ठेवा.

तारखेबद्दल शंका असेल तर आजच विचारा.

आपले,
बांधणी विभागातील सर्वजण