गोडवा मिठाई : दिवाळी सेलची जिंगल (२८ सेकंद)

ठेका केरवा, मिनिटाला १२० मात्रा. म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत, गाण्याची एक ओळ एका आवर्तनात.

०–२ सेकंद : नुसती ढोलकी

२–१८ सेकंद, बाई आणि मुलं मिळून :

पेढा घ्या, बर्फी घ्या, काजूकतली घ्या,
दिवाळी आली दारी, डबे भरून न्या!
करंजी खुसखुशीत, चकली कुरकुरीत,
गोडवा मिठाई, आपल्याच गल्लीत!

१८–२४ सेकंद, पुरुषी आवाज, मागे फक्त टाळ :

एक किलो मिठाईवर पाव किलो चिवडा... फुकट! धनत्रयोदशी ते भाऊबीज.

२४–२८ सेकंद, सगळे :

तोंड गोड, भाव गोड,
गोडवा, गोडवा!

रेकॉर्डिंगला बसण्याआधी : ‘काजूकतली’ घाईत ‘काजुकली’ होते. ‘क-त-ली’ची तिन्ही अक्षरं सुटी म्हणा, हवं तर आधीचं ‘घ्या’ आखूड करा. ‘फुकट’च्या आधी टाळही थांबवा, अर्धा सेकंद पूर्ण शांतता, तिथेच ऐकणारा मान वर करतो. निवेदनाखाली ढोलकी ठेवू नका, रिक्षाच्या भोंग्यात ‘पाव किलो’ बुडून जातं. दुकानाची वेळ मुद्दाम घेतलेली नाही. ती घातली की निवेदन आठ सेकंदांवर जातं आणि शेवटचा ‘गोडवा’ तिसाव्या सेकंदाला कापला जातो. वेळ फलकावर लिहा. मुलं थोडी बेसूर झाली तरी चालेल, ठेका मात्र सुटता कामा नये.