काउंटरवरची वाय-फायची पाटी: मजकूर आणि लावायची जागा

मुलांनो,

नवी पाटी संध्याकाळी छापून येतेय. जुनी काढून टाका. तिच्यावर लिहिलं होतं, "वाय-फाय फक्त ऑर्डर देणाऱ्यांसाठी. एक तासानंतर जागा मोकळी करावी." गेल्या महिन्यात एक मुलगी भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरत होती. फोटो अपलोड होऊन फी भरायचं पान उघडलं होतं, तेवढ्यात तिची नजर पाटीवर गेली. घड्याळ बघून बिचारीने लॅपटॉप मिटला आणि उठली. तिला कुणीच काही बोललं नव्हतं, पाटीनेच उठवलं. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून मजकूर मी पुन्हा लिहिला. पाटीवर एवढंच राहील:

वाय-फाय आहे, निवांत बसा

नेटवर्क: `Cafe_Pahune`
पासवर्ड: `kadakchaha7`
(सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. टाइप करायचं नसेल तर बाजूचा चौकोन स्कॅन करा.)

एका ऑर्डरवर दीड तास खुशाल वापरा. संध्याकाळी ५ ते ८ आणि रविवारी गर्दी असते, तेव्हा तासाभरात आवरलंत तर दारात उभ्या असलेल्यांना जागा मिळेल.

पिक्चर आणि मोठी डाउनलोड घरच्या नेटवर करा. इथलं नेट सगळ्या टेबलांना वाटून जातं.

व्हिडिओ बघताना इअरफोन लावा. फोनवर बोलायचं असेल तर बाहेरचा ओटा मोकळा आहे.

फॉर्म भरताय, परीक्षा किंवा मुलाखत चालू आहे? काउंटरवर नुसतं सांगा. वेळेची काळजी करू नका.

नेट अडलं तर आम्हाला हाक मारा.

शेवटून दुसरी ओळ बाकीच्यांपेक्षा ठळक छापायला सांगितली आहे. "सक्त मनाई", "अन्यथा" असले शब्द मुद्दाम ठेवले नाहीत. चहा पाजणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाहीत. पासवर्डही त्यासाठीच बदलला. आधीच्यात शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी शेजारी होते, माणसं तीन-तीनदा विचारायला यायची आणि तुम्ही दुधाचं पातेलं सोडून सांगत बसायचा.

आता जागा. पैसे भरायचा स्कॅनर गल्ल्याजवळ डावीकडे आहे, त्याच्या शेजारी ही पाटी अजिबात नको. दोन्हीकडे काळा-पांढरा चौकोनच दिसतो. घाईत गिऱ्हाईक पैशासाठी वाय-फायचा चौकोन स्कॅन करतं, काहीच होत नाही आणि रांग खोळंबते. उजव्या टोकाला शेंगाचटणीच्या बरण्या आहेत, त्यांच्या अलीकडे स्टँडवर ठेवा. ऑर्डर देऊन माणूस तिथेच चहाची वाट बघत उभा राहतो. बसायच्या आधी वाचलं तर कुणाला मध्येच उठवल्यासारखं वाटत नाही. चौकोनाच्या वर "वाय-फाय" मोठ्या अक्षरांत आहे, त्याच्यापुढे बरणी सरकवू नका.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन दुपारी तीननंतर थेट काउंटरवर येतं. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगायचा, जुनी पाटी एका एप्रिल-मेमध्ये पिवळी पडली होती. म्हणून स्टँड भिंतीकडे थोडा वळवून ठेवा. लॅमिनेशन बिनचकाकीचं सांगितलंय. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि मोबाइलला चौकोन पकडता येत नाही. चहाच्या वाफेपासून हातभर लांबच असू दे.

पासवर्ड आणि चौकोन दोन्ही वेगळ्या पट्टीवर आहेत. दर महिन्याच्या १ तारखेला पासवर्ड बदलायचा आणि पट्टीही नवी लावायची. नुसता पासवर्ड खोडून वर पेनाने लिहिला तर चौकोनात जुनाच राहील. पट्टी लावल्यावर एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर जोडून बघा, मगच शटर उघडा.

टेबलांवर छोटी कार्डं ठेवायची. त्यावर फक्त नेटवर्क, पासवर्ड आणि "वेळ वाढवून हवी असेल तर काउंटरवर सांगा". बाकीचे नियम टेबलावर नकोत. खाताना समोर नियम वाचायला कुणाला आवडतं?

बिलाचं मशीन वेगळ्या नेटवर्कवर आहे, त्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, अगदी ओळखीच्या माणसालाही.

दीड तास उलटलेला दिसला तर थेट वेळेवर बोट ठेवायचं नाही. पाण्याचा ग्लास घेऊन जा आणि विचारा, "दादा, अजून काही आणू का?" किंवा "ताई, काम राहिलंय का अजून?" राहिलंय म्हटलं की हसून परत या. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दारात माणसं उभी असतील, तेव्हा तसं मोकळेपणाने सांगा, लोक समजून घेतात.

ती मुलगी पुन्हा आली तर मला बोलवा. तिच्या चहाचे पैसे घेऊ नका.

— मावशी