फूटपाथचं भाडं

पहाटे चारला सूपवाली गाडा बाहेर काढते आणि चाक फूटपाथवर टेकलं की भाडं सुरू, कारण फूटपाथ सिक्युरिटी कंपनीचा आहे, नगरपालिका तिने फक्त आजीच्या तोंडून ऐकलीये. पाणी दुसऱ्या कंपनीचं, मीटर गाड्यालाच, भांडं विसळलं तरी आकडा पळतो, मग ती एकाच पाण्यात तीनदा धुते.

दुपारी शिफ्ट सुटते. कामगारांना पगार कंपनीच्या टोकनात (अमेरिकेतल्या 19व्या शतकातल्या खाणवस्त्यांत हेच व्हायचं, मालकाचं टोकन मालकाच्याच दुकानात), ती टोकन घेते खरी पण रस्ता ओलांडला की दुसऱ्या कंपनीची हद्द, तिथं त्याला कोणी विचारत नाही, म्हणून संध्याकाळी दलालाकडे बदलून घ्यायचं आणि तो पाचातलं एक स्वतःला ठेवतो. तक्रार करायची तर कोर्टही त्यांचंच, फी आधी.

आज शेजारचा गाडा पेटला. आग विझवणारे आले, सबस्क्रिप्शन संपलेलं दिसलं, तसेच उभे राहिले! शेवटी सूपवालीने आख्खं पातेलं ओतलं, दिवसाचा धंदा गेला, आणि वर नाल्यात सूप सांडल्याचा दंड लगेच मोबाईलवर आला. तो भरल्याशिवाय उद्या चाकाचं लॉक उघडणार नाही.