वार्षिक अहवाल २०२४-२५ थोडक्यात: काय झालं, पैसा कुठं गेला, पुढं काय करायचंय

सर्व देणगीदारांना नमस्कार,

संस्थेचा पूर्ण अहवाल ६४ पानांचा आहे, ऑडिट रिपोर्टसकट, आणि तो सगळ्यांना ईमेलवर गेलाय. पण बऱ्याच जणांनी फोन करून सांगितलं की एवढं वाचायला सवड होत नाही, नेमकं काय झालं ते सांगा. म्हणून हे लिहितेय. तीन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात: झालेलं काम, झालेला खर्च आणि पुढचा विचार. कारण खर्च झाला म्हणजे काम झालं असं नसतं, आणि ठरवलं म्हणजे झालं असं तर अजिबात नसतं. सगळे आकडे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षातले आहेत, जिथं त्यापुढचं सांगितलंय तिथं तसं लिहिलंय.

काय झालं

आपलं मुख्य काम बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टी तालुक्यात, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात त्यामुळं जावंच लागतं, आणि आईबाप गेले की लेकरांची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह. जिथं सरकारी हंगामी वसतिगृह नीट चालू आहे तिथं आपण आपलं उघडत नाही, जिथं नाही तिथंच जातो.

गेल्या हंगामात ९ गावांत वसतिगृहं चालली. २८६ लेकरं आली, त्यातली २४१ शेवटपर्यंत राहिली. माझ्या मते वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा २४१ चा आहे, २८६ चा नाही, कारण नाव नोंदवणं सोपं असतं, लेकरू फेब्रुवारीतही वर्गात दिसणं अवघड असतं. दहावीला २२ जण बसले, मे २०२५ मध्ये निकाल लागला, १९ पास झाले. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी पुरवणी परीक्षा दिली.

मग बाकीची ४५ कुठं गेली? २६ मुली होत्या ज्यांना आईनं परत बोलवून घेतलं, कारण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, तान्ही भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. आई पहाटे फडात जाते, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, मग दीड वर्षाचं लेकरू कुणाकडं ठेवायचं? नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण हेच उत्तर असतं. १२ लेकरं पहिली-दुसरीतली, आईविना राहिली नाहीत. ७ जणांचं नक्की कारण आम्हाला आजतागायत समजलेलं नाही, दोन घरं तर गावात परत आलीच नाहीत.

संध्याकाळी आठच्या सुमाराला वसतिगृहात गेलात तर एक गोष्ट दिसेल. मावशींचा मोबाईल भिंतीतल्या खिळ्याला पिशवीत लटकवलेला असतो आणि लेकरं रांगेत उभी असतात, प्रत्येकाला आईबापाशी दोन मिनिटं बोलायचं असतं. तिकडं कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात आई गाडी भरत असते, फोन उचलला तर उचलला. ज्याचा लागत नाही त्याला मावशी रांगेच्या शेवटी परत उभं करतात. हे कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण लेकरू टिकतं ते बऱ्याच अंशी या फोनमुळं, म्हणून प्रत्येक गावात त्यासाठी वेगळा रिचार्ज आपण देतो.

दुसरं काम गाळ काढण्याचं. एप्रिल ते जून २०२४ मध्ये ३ पाझर तलावांतून २४,००० घनमीटर गाळ निघाला. पोकलेनचा आणि डिझेलचा खर्च संस्थेचा, गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं स्वतःच्या खर्चानं नेला, ७१ शेतकऱ्यांच्या साधारण १४० एकरांवर तो पडला. हिशेबानं तलावांत २ कोटी ४० लाख लिटर पाण्याची जागा वाढली. जागा वाढली असं म्हणतेय, पाणी वाढलं असं नाही, ते पावसावर. ठरवले होते ५ तलाव. एका ठिकाणी रस्त्याच्या वादात वाट मिळाली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जूनमध्ये पावसानं लवकर गाठलं.

तिसरं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची आरोग्य तपासणी. ११ शिबिरं, ९४० बाया. त्यातल्या ३८ जणींना पुढच्या तपासणीसाठी पाठवायला लागलं, प्रत्यक्षात २१ जणी गेल्या, बाकीच्यांची टोळी निघून गेली होती. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला तेव्हापासून आपण एक पथ्य पाळतो, शिबिरात कुणालाही ऑपरेशनचा सल्ला दिला जात नाही, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला सोबत माणूस पाठवतो. ३८ पैकी १७ जणी सुटल्या ही या कामातली मोठी त्रुटी आहे, त्यावर पुढं लिहिलंय.

पैसा कुठून आला, कुठं गेला

वर्षाच्या सुरुवातीला हातात ६,४०,००० रुपये होते. वर्षभरात ४२,६०,००० आले: तुमच्यासारख्या ३१२ देणगीदारांकडून २१,३५,०००, एका कंपनीच्या सीएसआरमधून १८,००,०००, गावांच्या लोकवर्गणीतून २,८६,००० आणि बँकेचं व्याज ३९,०००. शिवाय गावांनी ४१ क्विंटल ज्वारी दिली, ती पैशात धरलेली नाही. म्हणजे एकूण ४९,००,०००, त्यातले ४३,५०,००० खर्च झाले आणि ५,५०,००० शिल्लक.

खर्चाचे तपशील असे:

वसतिगृहं २२,१०,०००
गाळ काढणं ९,६५,०००
आरोग्य ४,२०,०००
समन्वयक आणि दोन कार्यकर्त्यांचे पगार ५,४०,०००
ऑफिस भाडं, प्रवास, ऑडिट २,१५,०००

म्हणजे तुमच्या १०० रुपयांतले ५१ वसतिगृहांना, २२ गाळाला, १० आरोग्याला, १२ पगाराला आणि ५ ऑफिसला गेले. पगारावर काही जणांनी विचारलं होतं, म्हणून स्पष्ट सांगते: तिघांना महिना सरासरी १५,००० मिळतात आणि तिघंही आठवड्यातले चार-पाच दिवस गावातच असतात. एवढ्यात माणसं टिकवणं कठीण जातंय, ही रक्कम पुढच्या वर्षी वाढवावी लागेल.

वसतिगृहांवर १९,५०,००० चा अंदाज होता, त्यापेक्षा २,६०,००० जास्त गेले. २४० लेकरं धरली होती आणि आली २८६, हे मुख्य कारण. दुसरं कारण गोडेतेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं आयात तेलावरचं शुल्क वाढवलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच डब्याचा भाव चढला. २२,१०,००० मधले १२,४०,००० किराणा, भाजी आणि गॅसला, ६,३०,००० स्वयंपाक करणाऱ्या आणि मुक्कामी राहणाऱ्या १८ मावशींच्या मानधनाला, २,१०,००० अंथरूण-पांघरूण, बॅटऱ्या आणि औषधांना, १,३०,००० वीज आणि डागडुजीला. एका लेकरामागं हंगामाला साधारण ७,७०० रुपये. दुपारचं जेवण शाळेत पोषण आहारातून होतं म्हणून एवढ्यात भागतं, सकाळ-संध्याकाळ आपल्याकडं.

ऑडिटरनी एक शेरा मारलाय, तो लपवायचं कारण नाही. आठवडी बाजारातल्या भाजीची पक्की पावती मिळत नाही, त्यामुळं १,१२,००० रुपयांची खरेदी साध्या वहीवर आहे. हे चालणार नाही असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबर आहे. आता प्रत्येक बाजाराला गाव समितीतले दोघं वहीवर सह्या करतात आणि पानाचा फोटो त्याच दिवशी ऑफिसला येतो.

शिल्लक ५,५०,००० मधले ३,००,००० कंपनीनं फक्त गाळासाठी दिलेत, ते दुसरीकडं वापरता येत नाहीत. मोकळे २,५०,००० च.

पुढं काय

आरोग्य शिबिरांची बदललेली वेळ सोडली तर यातलं काहीही अजून झालेलं नाही. काही नक्की आहे, काही पैशावर अवलंबून आहे.

नक्की: दिवाळीनंतर तीच ९ वसतिगृहं. अजून सहा गावांनी मागणी केलीय पण आपण घेत नाही आहोत, आहे ते नीट चालवू. यासाठी २४,००,००० लागतील. हातात मोकळे २,५०,००० आणि कंपनीनं लेखी कळवलेले १०,००,०००, कमी पडतात ११,५०,०००. गेला गाळप हंगाम लवकर आटोपला, त्यामुळं बऱ्याच घरांची उचल फिटलेली नाही, आणि ज्यांची फिटली नाही ती घरं यंदा जास्त कोयते, म्हणजे तोडणारी जास्त माणसं, घेऊन जातील, लेकरांसकट. वसतिगृहात जागा आहे हे त्यांना टोळी हलायच्या आत कळलं पाहिजे, म्हणून ही रक्कम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवीय.

पैशावर अवलंबून: त्या २६ मुलींसाठी पाळणाघर, तेही गावात नाही, कोपीजवळ. दोन कारखान्यांच्या परिसरात, टोळीतल्याच एका बाईला मानधन देऊन तान्ही लेकरं सांभाळायची. खर्च ३,२०,०००. एका कारखान्यानं तोंडी होकार दिलाय, कागद नाही, दुसऱ्याशी बोलणं चालू आहे. कागद आल्याशिवाय या नावानं आम्ही एक रुपयाही घेणार नाही. सुटलेल्या १७ बायांसारखं परत होऊ नये म्हणून शिबिरं आता दसऱ्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये घ्यायला सुरुवात केलीय, त्याचे आकडे पुढच्या अहवालात येतील.

गाळाचे राहिलेले दोन तलाव उन्हाळ्यात, एप्रिल-मे २०२६. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तिनं नदीकाठच्या जमिनी खरडून नेल्यात, खाली नुसता मुरूम उरलाय, तिथं गाळाची गरज आधीपेक्षा जास्त आहे. म्हणून गाळ देताना खरडलेल्या जमिनीवाल्यांना आधी नंबर. मात्र तलावांचे बांध पावसानं किती ढिले झालेत हे जलसंधारण विभागाच्या अभियंत्यांकडून तपासून घेतल्याशिवाय मशीन उतरवायचं नाही, त्यामुळं तलाव बदलू शकतात.

पावतीबद्दल: २०२४-२५ च्या देणगीचं १०बीई सर्टिफिकेट मे महिन्यात पाठवलंय. १७ जणांचा पॅन नंबर नसल्यामुळं ते निघालं नाही, त्यांना वेगळा मेसेज येईल. ८०जी ची करसवलत जुन्या कर पद्धतीतच मिळते आणि २,००० च्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, तेव्हा शक्यतो बँकेतूनच पाठवा. एखाद्याच कामासाठी द्यायचे असतील तर तसं लिहून पाठवा, ते तिथंच खर्च होतील.

आणि कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. दोन दिवस आधी कळवा म्हणजे मावशी भाकरी जास्त टाकतील. खाऊचे पुडे आणू नका, आणायचंच असेल तर पाचवी ते दहावीच्या रेघी वह्या आणा, त्या कायम कमी पडतात.